पाऊस की माणगा? छतावरच्या डिशची आमच्याकडची गोष्ट

आमचं घर कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत आहे. वाडीपर्यंत फायबर आलेली नाही, मोबाइलचं नेटवर्क पडवीत एका कोपऱ्यात मिळतं. मी पुण्याच्या एका सीए ऑफिसचं काम घरून करते. महिन्याच्या ११ तारखेला आणि २० तारखेला जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात, तेव्हा नेट हवंच. म्हणून मे महिन्यात तालुक्यातल्या एका स्थानिक पुरवठादाराकडून छतावर डिश बसवून घेतली. समोरच्या टेकडीवर त्यांचा टॉवर आहे, घरापासून सरळ रेषेत ३.२ किलोमीटरवर. डिश त्याच्याकडे बघते, डिशमधून एक केबल घरात येते, त्याच केबलमधून डिशला वीज पुरवणाऱ्या पीओईच्या डबीतून राउटरला जाते. ४० एमबीपीएसचा प्लॅन होता आणि मे महिन्यात चाचणी लावली की ३८-३९ यायचे.

डिश बसवायला आलेल्या मुलाने डिशमधल्या रेडिओचं, म्हणजे लहरी पाठवणाऱ्या-घेणाऱ्या यंत्राचं, पान मोबाइलवर उघडून सिग्नल दाखवला होता : उणे ६१. हा आकडा डीबीएममध्ये असतो आणि उण्यात असतो, म्हणजे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. मी तो कॅलेंडरवर लिहून ठेवला. पुढच्या सगळ्या शोधाला तुलनेसाठी तेवढाच एक आकडा माझ्याकडे होता, आणि तो लिहिला नसता तर मी आजही अंदाजच बांधत बसले असते.

जूनचा पहिला पंधरवडा बरा गेला. जुलै लागला आणि पाऊस आला की नेट मंदावायचं. ४० चे १२ व्हायचे, कधी ३. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठायचा. २० जुलैला विवरणपत्र चढवताना पोर्टल तीनदा बाहेर फेकून मोकळं झालं, शेवटी मी लॅपटॉप घेऊन तालुक्याला गेले. पुरवठादाराला फोन केला तर उत्तर एकच : "मॅडम, पाऊस आहे ना, वायरलेसला पावसात असं होतंच." आमच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पावसात असं होतंच म्हटलं, तर चार महिन्यांचे पैसे कशाचे द्यायचे?

मला हे उत्तर पटलं नाही, कारण त्याच टॉवरवर असलेल्या खालच्या वाडीतल्या शाळेच्या बाईंचं नेट त्याच पावसात चालत होतं. पाऊस दोघींच्या वाटेत सारखाच होता.

मी पुरवठादाराकडे माझ्या रेडिओचं पान फक्त बघण्यापुरतं उघडून मागितलं. बदल करण्याची परवानगी मागितली नाही, त्यामुळे त्यांनी दिलंही. मग एक वही केली. वेळ, पाऊस, वारा, सिग्नल, वेग, एवढेच रकाने. पाऊस मोजायला स्वयंपाकघरातला सरळ उभ्या कडांचा डबा अंगणात ठेवायचा आणि वीस मिनिटांनी पट्टी बुडवून बघायची. डब्याच्या कडा सरळ असल्या की तोंड केवढंही असो, आत साठलेली उंची म्हणजे पडलेला पाऊस. सासूबाई वेळ लक्षात ठेवायच्या, मी आकडे लिहायचे.

दहा-बारा दिवसांत वही बोलायला लागली.

एका संध्याकाळी वीस मिनिटांत २५ मिलिमीटर पडला, म्हणजे ताशी ७५ च्या हिशेबाने. असा पाऊस आमच्याकडेही तासभर टिकत नाही. सिग्नल उणे ७८ ला गेला. मेच्या तुलनेत १७ डेसिबलची घट. डेसिबलचा हिशेब असा की ३ ने घट झाली तर ताकद निम्मी होते, १० ने झाली तर दहावा हिस्सा उरतो. १७ म्हणजे पन्नासावा हिस्सा. आता हे पावसाच्या थेंबांनी झालं का? आमची डिश ५.८ गिगाहर्ट्झवर चालते. या वारंवारतेच्या लहरींची लांबी पाच सेंटिमीटरच्या वर असते आणि थेंब दोन-चार मिलिमीटरचा. एवढ्या लांब लहरीला थेंब फारसा अडवत नाही. ताशी ७५ मिलिमीटरच्या धुवाधार पावसातही या वारंवारतेवर किलोमीटरमागे अर्धा-पाऊण डेसिबल जातो. माझ्या ३.२ किलोमीटरला फार तर दोन. उरलेले पंधरा कुठे गेले?

दुसरी नोंद जास्त बोलकी होती. पाऊस थांबला, लख्ख ऊन पडलं, डब्यात थेंबही पडत नव्हता, तरी सिग्नल तासभर उणे ७४ लाच होता आणि मग हळूहळू वर आला. वाटेतल्या थेंबांमुळे घट होत असती तर पाऊस थांबल्या क्षणी ती भरून निघायला हवी होती. म्हणजे अडवणारं जे काही होतं, ते पाऊस गेल्यावरही ओलं राहत होतं आणि वाळायला तास घेत होतं.

तिसरी नोंद वाऱ्याची. पाऊस नाही, पण वारा सुटला की सिग्नलचा आकडा एका जागी थांबतच नसे. ६७, ७३, ६८, ७५, दर दोन सेकंदांनी वेगळा. आणि चौथी नोंद मला सगळ्यात उशिरा दिसली, कारण ती सगळ्यात साधी होती : जुलैच्या शेवटी कोरड्या, निवांत दुपारीसुद्धा आकडा उणे ६७-६८ च्या वर जात नव्हता. मेचे ६१ कधी आलेच नाहीत. पाऊस नसतानाही सहा-सात डेसिबल कायमचे गेले होते.

मी छतावर शिडी लावून चढले आणि डिशच्या मागे डोळा लावून टेकडीकडे बघितलं. घरापासून साठ मीटरवर शेजारच्या काकांचं माणग्याचं, म्हणजे आमच्याकडच्या बांबूचं, बेट आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांनी बेटाच्या मधल्या भागातल्या जून काठ्या तोडल्या होत्या, तिथे खिंड पडली होती. मे महिन्यात टॉवर त्या खिंडीतून स्वच्छ दिसायचा आणि डिश त्या खिंडीकडेच रोखून बसवली होती. बांबूचं वैशिष्ट्य हे की पावसाळ्यात जमिनीतून कोंब येतो आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. खिंडीत सात-आठ नवे कोंब उभे होते, त्यांतले तीन काठीएवढे झालेले. शिवाय बाजूच्या जुन्या काठ्यांची पानं पावसाने जड होऊन शेंडे खिंडीत झुकले होते. ओली पानं म्हणजे पाण्याचा पडदा. कोरडं पान या लहरींना थोडं अडवतं, ओलं पान बरंच जास्त शोषतं आणि विखुरतं. तासाभराचं वाळणं, वाऱ्याबरोबरचं हिंदकळणं आणि महिनाभरात गेलेले सहा डेसिबल, तिन्हींचं उत्तर त्या खिंडीत होतं.

पुरवठादाराच्या मुलाला बोलावलं तेव्हा तो म्हणाला, "पण ताई, टॉवर तर दिसतोय." दिसत होता, पानांच्या फटींतून. इथेच घोटाळा होतो. डोळ्याला रेघेएवढी फट पुरते, रेडिओला पुरत नाही. दोन डिशांच्या मध्ये लहरी एका लांबट, काकडीसारख्या आकारातून जातात, टोकांना निमुळता आणि मध्ये फुगीर. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. आमच्या अंतराला मध्यावर या काकडीची त्रिज्या जवळपास साडेसहा मीटर भरते. बेटापाशी, घरापासून साठ मीटरवर, ती पावणेदोन मीटर. त्यातला निदान साठ टक्के भाग मोकळा हवा असतो, म्हणजे रेषेच्या चारी बाजूंना एक मीटरभर. खिंडीत एवढी मोकळी जागा मेमध्ये जेमतेम होती, जुलैत अजिबात नव्हती.

त्या रात्री आम्ही खात्री करून घेतली. तो मुलगा टेकडीवर गेला, टॉवरच्या खांबावर चढून त्याने मोठी टॉर्च आमच्याकडे धरली. मी छतावर. बेटामागे एक ठिपका दिसत होता आणि तो लुकलुकत होता. वाऱ्याची झुळूक आली की विझायचा, पुन्हा पेटायचा. फोनवर मी त्याला सांगत होते, "गेला, आला, गेला." सासूबाई खाली मोबाइलवर रेडिओचं पान उघडून बसल्या होत्या. दिवा दिसेनासा झाला की त्या आकडा ओरडून सांगायच्या आणि तो खाली गेलेला असायचा.

मग काकांकडे गेले. कोंब तोडता येतील का, एवढंच विचारलं. काका पडवीत सुपारी कातरत होते. "गो बाय, पावसातले कोंब मोडूचे नाय," ते म्हणाले. "कोंब मोडलो म्हणजे पुढची काठी गेली. माका तीन वर्सांनी ह्याच काठयेचे पैसे येतले." बोलणं खरं होतं. माणगा हे त्यांचं पीक आहे, जून काठ्या ते पाऊस सरल्यावर काढतात आणि दरवर्षी आलेल्या कोंबांवर पुढची तोड उभी राहते. माझ्या नेटसाठी त्यांनी उत्पन्न मोडावं असं म्हणायला तोंडच नव्हतं. झुकलेले शेंडे मात्र त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतः दोरीने मागे बांधून दिले. त्याने कोरड्या वेळी दोन-तीन डेसिबल परत मिळाले, जोराच्या पावसात काहीच फरक पडला नाही.

राहिले दोन मार्ग. पहिला, डिश उंच करणं. छतावर ती सात मीटरवर होती, टेकडी वर असल्याने बेटापाशी रेषा पावणेनऊ मीटरवरून जायची, आणि माणगा दहा मीटर वाढतो. त्याच्यावरून मीटरभर मोकळी जागा ठेवून जायचं तर पाइप अजून सव्वादोन-अडीच मीटर वर न्यावा लागला असता, तोही कौलारू छतावर, ताण्यांच्या आधाराने, आमच्याकडच्या वाऱ्याला. शिवाय विजेचा धोका वाढतो.

दुसरा मार्ग मला वहीवर रेघा मारताना सापडला. अडथळा माझ्याजवळ आहे, टॉवर खूप लांब आहे. मग मी डिश बाजूला सरकवली तर? आमचा गोठा घराच्या पूर्वेला चौदा मीटरवर. डिश गोठ्यावर नेली तर टॉवरचं टोक जागेवरच राहतं, पण साठ मीटरवर, बेटापाशी, रेषा साडेतेरा मीटरहून जास्त पूर्वेला सरकते. बेट मधोमध वाटेत असतं तर तीच हालचाल तिथे सात मीटर पडली असती. अडथळा जितका आपल्या टोकाजवळ, तितकं बाजूला सरकणं जास्त कामाला येतं. मोजपट्टी घेऊन बेटाची पूर्वेची कड मोजली : जुन्या रेषेपासून आठ मीटर. म्हणजे नवी रेषा बेटाच्या बाहेरून, कडेपासून साडेपाच मीटर सोडून जाणार होती. झुकणाऱ्या शेंड्यांना दोन-अडीच मीटर धरले तरी जागा उरत होती. पुढे एक काजूचं झाड आहे, पण तिथवर रेषा बारा मीटरवर चढलेली असते आणि काजू तिच्या निम्म्यावर संपतो.

पुरवठादार आधी यायला तयार नव्हता. डिश हलवणं म्हणजे नव्या जोडणीएवढं काम, असं म्हणाला. तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी त्याच्याच मुलाने बोलता बोलता मला सांगितली होती. सिग्नल कमी झाला की रेडिओ आपणहून सावकाश बोलतो, म्हणजे तेवढाच मजकूर पाठवायला जास्त वेळ घेतो. टॉवरवरचा एक अँटेना आमच्यासारख्या अनेक घरांना आळीपाळीने वेळ वाटतो. माझी डिश उणे ७८ वर रेंगाळत असेल तर ती सगळ्यांच्या वाट्याचा वेळ खाते. माझी तक्रार दूर झाली तर बाकीच्यांच्याही कमी होतील. दोन दिवसांनी माणसं आली.

उघडीप बघून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात काम केलं. जीआय पाइप कौलांवर न टेकवता गोठ्याच्या चिऱ्याच्या भिंतीला दोन ठिकाणी क्लॅम्पने धरला, त्याला अर्थिंग दिलं. जुनी केबल पुरणार नव्हती म्हणून बाहेरच्या वापराची नवी टाकली. जुन्या केबलचं डिशकडचं टोक उघडलं तेव्हा आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. पाणी केबलवरून ओघळत थेट प्लगमध्ये उतरत होतं. नव्या केबलला डिशखाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी येऊन तिथूनच गळतं, प्लगकडे चढत नाही.

मग रोख धरणं. डिश टेकडीकडे वळवली, पानावर उणे ७१ आला. मुलगा नट आवळायला निघाला. मी म्हटलं थांब, मेमध्ये ६१ होता. त्याने डिश त्याच दिशेला आणखी थोडी फिरवली तर आकडा पडला, ८० च्या खाली गेला, आणि तो मागे येऊ लागला. टॉवरवरून त्याच्या वरिष्ठाने फोनवर सांगितलं, अजून पुढे ने. पुढे नेल्यावर आकडा वर चढला : ७०, ६५, ६०. डिशच्या मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना छोटे छोटे दुय्यम झोत असतात. आधी आम्ही त्यांतल्या एकावर अडकलो होतो. दरी ओलांडल्याशिवाय खरं शिखर लागत नाही, म्हणून हिशेबाने किती यायला हवा तो आकडा आधीच माहीत असावा लागतो. मग वर-खाली तसंच केलं, नट थोडे थोडे आळीपाळीने आवळले, कारण एकच आवळला की डिश किंचित वळते. शेवटचा आकडा उणे ६०.

चार दिवसांनी रात्री जोराचा पाऊस आला. डबा ठेवला, पंधरा मिनिटांत १८ मिलिमीटर, म्हणजे ताशी सत्तरच्या वर. सिग्नल उणे ६२. वेग ३७. मी दोनदा पान ताजं करून बघितलं. दोन डेसिबल, पावसाच्या हिशेबाने जायला हवे होते तेवढेच.

पण गोष्ट इथे संपली नाही. सप्टेंबरच्या सुरुवातीला एका दुपारी ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि नेट पूर्ण बसलं. रेडिओच्या पानावर सिग्नल उणे ६२, अगदी ठणठणीत. तोपर्यंत मी लॅपटॉपवर तीन गोष्टी एकापाठोपाठ तपासायला शिकले होते :

```
ping 192.168.0.1
ping 10.20.0.1
ping 8.8.8.8
```

पहिला पत्ता माझ्या घरातल्या राउटरचा, दुसरा टॉवरवरच्या पुरवठादाराच्या यंत्राचा (तो प्रत्येकाचा वेगळा असतो, विचारून घ्यावा लागतो), तिसरा बाहेरच्या जगातला. पहिला ढेपाळला तर दोष घरात आहे. पहिला नीट पण दुसऱ्याची उत्तरं गळतात किंवा उशिरा येतात, तर दोष छत ते टॉवर या वाटेत. त्या दुपारी पहिले दोन्ही व्यवस्थित होते, दुसरा पाच मिलिसेकंदांत उत्तर देत होता, तिसऱ्याची मात्र बहुतेक उत्तरं येतच नव्हती. म्हणजे तुटलं होतं ते टॉवरच्या पलीकडे. खालच्या वाडीतल्या बाईंचंही बंद होतं, या वेळी दोघींचं एकदमच.

पुरवठादाराने सांगितलं की टेकडीवरचा टॉवर पुढे तालुक्याला ज्या दुव्याने जोडलाय, तो १५ गिगाहर्ट्झचा आहे. तिथे मात्र खरोखर पावसाचे थेंबच आडवे येतात. लहर दोन सेंटिमीटरची, आणि ताशी ७५ मिलिमीटरच्या पावसात किलोमीटरमागे साडेपाच-सहा डेसिबल जातात. मुसळधार सर चार किलोमीटर रुंद असली की वीसहून जास्त गेले. सर सरकली की दुवा आपोआप परत उभा राहतो. त्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली, आणि पाऊस थांबल्यावर लगेच, तासभर न रेंगाळता, सगळं सुरू झालं. वहीत मी दोन्ही घटना शेजारी लिहिल्या आहेत. पानांनी अडवलेला सिग्नल आणि थेंबांनी अडवलेला सिग्नल यांच्यातला फरक त्या दोन ओळींत सगळा आहे.

त्या दुव्याचं मी काही करू शकत नाही. पावसाळ्यात अशा सरी चार-सहा वेळा येतात, तेव्हा २० तारखेची वाट न बघता विवरणपत्रं मी १८ लाच भरते. पुरवठादाराला मी एवढंच सुचवलं की दर जोडणीच्या दिवशी सिग्नलचा आकडा ग्राहकाला लिहून द्या, आणि मे महिन्यात बसवताना बांबूचं बेट दिसलं तर ते सप्टेंबरमध्ये कसं असेल ते विचारा. पहिलं त्यांनी सुरू केलं आहे.

काकांनी कार्तिकात तोड केली. जाताना एक जून, सरळ काठी आमच्या अंगणात ठेवून गेले. दिवाळीनंतर मी पुन्हा मोजपट्टी घेऊन बेटाकडे गेले, तर पूर्वेच्या कडेला या पावसातले दोन कोंब मुख्य बेटाच्या मीटरभर बाहेर उभे राहिले आहेत. रेषेपासून साडेचार मीटर. वहीत लिहून ठेवलं.